मिसोप्रोस्टॉलची बेळगाव ट्रायल: दहा आणि दोनचा हिशोब

आजचा पेपर आपल्याच जिल्ह्याचा आहे, म्हणून मुद्दाम घेतला. डर्मन, कोडकणी, गौडर आणि मंडळी, लॅन्सेट, 2006. बाळंतपणानंतर जो जास्त रक्तस्राव होतो, म्हणजे पीपीएच, तो टाळायला तोंडावाटे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या तर उपयोग होतो का, एवढाच प्रश्न. कौतुक सगळेच करतात, आपण जरा उलटसुलट करून बघूया की.

आधी डिझाईन. सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005, चार प्राथमिक आरोग्य केंद्रांचा भाग, घरी नाहीतर सबसेंटरला बाळंत होणाऱ्या बायका आणि बाळंतपण करणार एएनएम सिस्टर. एकूण 1620 बायका, त्यातल्या 812 जणींना 600 मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल आणि 808 जणींना तसल्याच दिसणाऱ्या प्लासिबो गोळ्या. आता प्लासिबो का, रक्तस्राव टाळायचं नेहमीचं इंजेक्शन ऑक्सिटोसिन का नाही, हे कोणीतरी विचारणारच. त्यावेळी गावात एएनएमला ऑक्सिटोसिन द्यायची परवानगीच नव्हती, शिवाय ते इंजेक्शन थंड ठेवावं लागतं, आणि खानापूरच्या जंगलाकडच्या एखाद्या वाडीत पावसाळ्यात करंट किती तास असतो ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे तिथल्या नेहमीच्या पद्धतीशी तुलना म्हणून प्लासिबो मला पटतं, पण एक अट आहे, ती शेवटी सांगतो.

या पेपरमधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रक्त मोजायची पद्धत. आपण लेबर रूममध्ये नजरेने अंदाज करतो, 'तीनशे असेल बघ' म्हणतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा कमीच असतो. इथे प्लास्टिकचा ड्रेप बाईच्या खाली घालायचा, त्याला खाली फनेलसारखी पिशवी, पिशवीवर मिलीच्या खुणा, निदान एक तास रक्त त्यात जमा होऊ द्यायचं आणि सरळ आकडा वाचायचा. मुख्य आऊटकम याच आकड्यावर उभा आहे म्हणून तो भरवशाचा वाटतो.

रिझल्ट असा की 500 मिली किंवा जास्त रक्त गेलेल्या बायका प्लासिबोत 12.0 टक्के, मिसोप्रोस्टॉलमध्ये 6.4 टक्के. फरक 5.6 टक्क्यांचा, म्हणजे साधारण 18 जणींना गोळ्या दिल्या की एकीचा पीपीएच टळतो. रिलेटिव्ह रिस्क 0.53, कॉन्फिडन्स इंटरव्हल 0.39 ते 0.74. यात वाद घालण्यासारखं मला काही दिसत नाही.

वाद आहे तो पुढच्या आकड्यात, आणि लोक नेमका तोच आकडा भाषणात सांगतात: 1000 मिलीच्या वरचा गंभीर रक्तस्राव 'ऐंशी टक्क्यांनी' कमी झाला म्हणे. टक्के बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. प्लासिबोत 1.2 टक्के म्हणजे 10 बायका, मिसोप्रोस्टॉलमध्ये 0.2 टक्के म्हणजे 2 बायका. इंटरव्हल 0.04 ते 0.91. आता मी घरी बसून एक गंमत केली, दोनच्या जागी तीन घातले, फक्त एक बाई जास्त, आणि परत हिशोब केला तर रिस्क येते 0.30 आणि इंटरव्हलचं वरचं टोक 1.08 च्या आसपास, म्हणजे एकच्या पार, फरक नसेलही असं म्हणायला जागा. एका बाईवर 'सिग्निफिकंट' टिकून आहे! गोळी काम करत नाही असं नाही म्हणत मी, दिशा बरोबरच आहे, पण किती काम करते ते या बारा बायकांवरून ठरवू नका.

मृत्यूचंही तसंच. 2001-03 च्या एसआरएस या सरकारी नमुना पाहणीत देशाचा माता मृत्यूदर लाखाला 301 होता, त्या हिशोबाने 1620 बाळंतपणांत सगळ्या कारणांचे मिळून पाचेक मृत्यू अपेक्षित. एवढ्यावर 'आया वाचल्या' हे सिद्ध करायला ही ट्रायल फार लहान आहे, आणि तसा प्रश्न तिने घेतलाही नव्हता.

आता ब्लाइंडिंग, म्हणजे कोणाला कुठली गोळी दिली ते कळू न देणं. गोळ्या सारख्या दिसल्या तरी मिसोप्रोस्टॉलने हुडहुडी भरते, इथे निम्म्याहून जास्त बायकांना भरली, प्लासिबोत साधारण सहातल्या एकीला. थरथरणारी बाई बघितली की सिस्टर मनात ओळखणारच की, आणि ड्रेप वाचणारी पण तीच. खुणा असल्यामुळे आकडा फार हलणार नाही, पण तासानंतर ड्रेप काढायचा की ठेवायचा, बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं की नाही, तिथे मन आड येऊ शकतं. सिस्टरने कुठली गोळी ओळखली होती हे विचारून नोंदवलं असतं तर बरं झालं असतं.

आणि जास्त जोखमीच्या बायका ट्रायलमध्ये घेतल्याच नव्हत्या, बाळंतपण करणाऱ्याही ट्रेनिंग घेतलेल्या एएनएम. हाच निकाल उचलून दाईच्या हातात गोळ्या द्यायच्या म्हटलं तर तो पुरावा या पेपरात नाही.

राहिली ती अट. प्लासिबो चालतं ते ऑक्सिटोसिन मिळत नसेल तिथेच. डब्ल्यूएचओच्या 2001 च्या मोठ्या ट्रायलमध्ये, हॉस्पिटलमध्ये, दोन्ही समोरासमोर ठेवली तेव्हा 1000 मिलीच्या वर रक्त गेलेल्या बायका मिसोप्रोस्टॉलमध्ये 4 टक्के आणि ऑक्सिटोसिनमध्ये 3 टक्के निघाल्या. म्हणून फ्रिज आहे, इंजेक्शन द्यायला सिस्टर आहे, अशा जागी बेळगावचा पेपर दाखवून गोळ्या पुढे करू नका.