शेहेचाळीस स्लाइड आणि बारा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या औद्योगिक वसाहतीत जे कामाला आहेत, त्यांनी सुरक्षा प्रशिक्षणाचा तास नक्कीच अनुभवला असेल. पडद्यावर स्लाइड सरकत जातात, शेवटी एक कागद वाटला जातो, दहा वाक्यांपुढे ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करायची असते आणि चहा येईपर्यंत सर्वांच्या हाती प्रमाणपत्र पडते. त्या कागदाचे गणित करून पाहिले, तर दहा प्रश्नांत सहा गुणांना उत्तीर्ण असा नियम असताना, वर्गात न बसता डोळे मिटून खुणा करणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे अडतीस जण उत्तीर्ण होतात. मी फौंड्र्यांमध्ये असे वर्ग घेत आलो आहे आणि अशा चाचण्या मीही काढल्या आहेत, हे आधीच कबूल करतो.

अशाच एका फौंड्रीत आमच्यापुढे शेहेचाळीस स्लाइडचा संच आला आणि त्यावरून भट्टीखात्यातील कामगारांसाठी छोटी चाचणी तयार करायची होती. सोपा मार्ग असा, की प्रत्येक स्लाइडवरचे एक वाक्य उचलायचे, त्यातला एक शब्द गाळायचा आणि तिथे प्रश्नचिन्ह टाकायचे. पण त्यातून स्लाइडची पाठांतर परीक्षा तयार होते. म्हणून आम्ही प्रत्येक स्लाइडपुढे थांबून एकच गोष्ट विचारली, की ही माहिती नसलेला माणूस पाळीवर नेमके काय चुकीचे करील? सुरक्षा धोरण, व्याख्या, घोषवाक्ये आणि कारखान्याचे छायाचित्र असलेल्या स्लाइडना या प्रश्नाचे उत्तर देता येईना, तेव्हा त्या गळाल्या. बऱ्याच स्लाइड एकच कृती वेगवेगळ्या शब्दांत सांगत होत्या, त्या एकत्र केल्या. उरल्या बारा कृती, आणि तेवढेच प्रश्न झाले.

एका प्रश्नाची घडण सविस्तर सांगतो. लॅडल म्हणजे भट्टीतला वितळलेल्या धातूचा रस साच्यापर्यंत नेण्याचे भांडे. स्लाइडवर वाक्य होते, ‘लॅडल नेहमी कोरडे असावे.’ त्यावर पहिला मसुदा झाला, ‘लॅडल कसे असावे? ओले, कोरडे की गंजलेले?’ याचे उत्तर फौंड्रीचे तोंडही न पाहिलेला माणूस देईल. खरी अडचण अशी, की ओले लॅडल ओले दिसत नाही. नवे अस्तर लावलेले लॅडल वरून वाळलेले आणि हाताला कोमट लागते, पण अस्तराच्या पोटात ओल राहिलेली असते. त्यावर चौदाशे अंशांच्या आसपासचा रस पडला, की त्या पाण्याची क्षणात वाफ होते, पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते आणि रस बाहेर उडवते. म्हणून प्रश्न असा केला: ‘दुपारी अस्तर लावलेले लॅडल बर्नरवर ठेवले होते, पण ठरलेला वेळ होण्याआधीच बर्नर विझल्याचे तुमच्या लक्षात आले. भट्टीत रस तयार आहे आणि साचे लागलेले आहेत. तुम्ही काय कराल?’

आता पर्याय. चुकीचे पर्याय खोलीत बसून सुचत नाहीत, ते मिळतात जुन्या माणसांकडून. आम्ही तिथल्या एका जुन्या भट्टीवाल्या मामांना विचारले, की नवी पोरे इथे काय करतात? ते म्हणाले, “एकजण बाहेरून हात लावून बघतोय आणि ‘गरम हाय, चालतंय’ म्हणतोय. दुसरा म्हणतोय, थोडा रस घालून फिरवूया, म्हणजे वाळंल.” हीच दोन वाक्ये आम्ही चुकीचे पर्याय म्हणून घेतली. तिसरा आणि बरोबर पर्याय म्हणजे रस भट्टीतच थांबवून पर्यवेक्षकाला सांगायचे आणि लॅडल पुन्हा पूर्ण तापवून घ्यायचे. तिन्ही पर्यायांची लांबी सारखी ठेवली, कारण बरोबर उत्तर सर्वांत लांब आणि सर्वांत सभ्य भाषेत लिहिण्याची खोड प्रश्न काढणाऱ्याला असते आणि कामगार ती दुसऱ्या प्रश्नातच ओळखतात. ‘वरील सर्व’ हा पर्यायही आम्ही वर्ज्य केला.

उत्तीर्ण होण्याची मर्यादा ठरवताना बहुतेक जण ऐंशी टक्के म्हणतात, कारण आकडा भारदस्त वाटतो. बारा प्रश्नांत ऐंशी टक्के म्हणजे दहा बरोबर आणि दोन चुकलेले चालतील. ते दोन नेमके लॅडलचा आणि दुरुस्तीपूर्वी वीज बंद करून कुलूप घालण्याचा असतील, तर? म्हणून आम्ही बारांचे दोन भाग केले. ज्यांत एक चूक जिवावर बेतू शकते असे चार प्रश्न वेगळे काढले आणि त्यांत चारही बरोबर हवेत, असे ठरवले. उरलेल्या आठ प्रश्नांसाठी अँगॉफ यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरली. काम जाणणाऱ्या पाच जणांना बसवले आणि सांगितले, की जेमतेम सुरक्षितपणे काम करू शकणारे शंभर कामगार डोळ्यांपुढे आणा. उत्तम नव्हेत, कच्चेही नव्हेत. यातल्या किती जणांना हा प्रश्न येईल? एका प्रश्नाला एकाने 95 दिले, दुसऱ्याने 40. चर्चेत कळले, की प्रश्नातला एक शब्द फक्त दिवसपाळीत वापरला जातो, तेव्हा तो शब्द बदलला. नंतर प्रत्येक प्रश्नाची सरासरी काढली आणि आठ सरासऱ्यांची बेरीज 600 आली, म्हणजे शंभरने भागून आठांपैकी सहा गुण. तीन पर्यायांच्या आठ प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सहा किंवा अधिक गुण मिळवणारे शंभरांत दोनच असतात आणि ते चारही अनिवार्य प्रश्नांत तसेच तरून जाण्याची शक्यता तर नगण्यच.

प्रश्नपत्रिका छापण्यापूर्वी आम्ही ती हजेरी लिहिणाऱ्या लेखनिकाला सोडवायला दिली. त्याला बारांपैकी नऊ आले! कुठे पर्यायांच्या भाषेवरून, कुठे एका प्रश्नातच दुसऱ्याचे उत्तर सापडल्यावरून. ते प्रश्न पुन्हा लिहिले, तेव्हा दुसऱ्या एका लेखनिकाला चार आले आणि आमचा जीव भांड्यात पडला. उलट एक प्रश्न अनुभवी भट्टीवाल्यांचाच चुकत होता आणि नव्यांचा बरोबर येत होता. तपासल्यावर आमच्या उत्तरतालिकेतच चूक निघाली. ज्यांना मराठी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी प्रश्न हिंदीत मोठ्याने वाचले, कारण आम्हाला वाचन तपासायचे नव्हते. नापास झालेल्याला लगेच तीच पत्रिका दिली नाही. चुकलेली कृती त्याला भट्टीपाशी नेऊन दाखवली आणि दुसऱ्या दिवशी त्याच कृतींवरचे वेगळे प्रसंग विचारले.

एवढे करूनही कागद एका जागी थांबतो. कुलपाच्या प्रश्नाला बरोबर उत्तर देणाऱ्या एका तरुणाला आम्ही वाळूच्या मिक्सरच्या पॅनेलपाशी नेले आणि आता करून दाखव म्हटले. त्याने स्विच बंद केला, कुलूप घातले, नावाची पाटी अडकवली, मग चालू करण्याचे बटण दाबून मिक्सर फिरत नाही हेही पाहिले, आणि किल्ली कुलपातच लटकती ठेवून आमच्याकडे वळला. तेव्हापासून त्या प्रमाणपत्रावर दोन सह्यांच्या जागा आहेत, एक लेखी चाचणीची आणि दुसरी करून दाखवल्याची. त्या तरुणाची दुसरी सही त्या दिवशी झाली नाही. ती पुढच्या सोमवारी झाली, किल्ली त्याच्या खिशात असताना.