देखरेख आणि अपील : एका गाडीवाटेचा दावा

(दृश्य : धाराशिव जिल्ह्यातील काळ्या रानातली गाडीवाट, पाऊस नुकताच ओसरलेला)

पावसाळ्यात काळी माती फुगली की शेतातला ऊस, सोयाबीन आणि बैलगाडी यांना बाहेर काढणारी ही एकच वाट उरते. शेजाऱ्याने ती नांगरली की गावकी बसते, समजूत घातली जाते आणि ती निष्फळ ठरली की प्रकरण तहसील कार्यालयात पोहोचते. येथे सांगितलेला दावा समजावण्यासाठी रचलेला असून चित्रणातले शेतकरी त्यातले पक्षकार नाहीत. मात्र असे दावे मराठवाड्यात कोणालाही अनोळखी वाटणार नाहीत.

(दृश्य : गाव नकाशा, तलाठ्याचे बोट तुटक रेषांवरून फिरते)

नकाशावर तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेष म्हणजे पायवाट. वहिवाटीचा रस्ता अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 याच्या कलम 5 खाली तहसीलदारासमोर दावा लावता येतो. तहसीलदार दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकतो, स्थळ पाहणी करतो, पंचनामा नोंदवतो. या कायद्याची मुदत कडक आहे. अडथळा ज्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाला, त्या दिवसापासून सहा महिन्यांत दावा दाखल झाला पाहिजे.

आपल्या प्रकरणात वाट जून 2022 मध्ये नांगरली गेली. पुढचे महिने गावातल्या बैठकांत गेले आणि दावा फेब्रुवारी 2023 मध्ये लागला. तहसीलदाराने पाहणी करून वाट खुली करण्याचा आदेश दिला. मुदतीचा मुद्दा शेजाऱ्याने लेखी मांडलेला असूनही आदेशात त्यावर एक ओळ नाही.

(दृश्य : उपविभागीय अधिकारी कार्यालय, दप्तरांचे गठ्ठे)

कलम 23 प्रमाणे तहसीलदाराच्या या आदेशावर अपील नाही. जिल्हाधिकारी, आणि प्रत्यक्षात बहुधा उपविभागीय अधिकारी, कागदपत्रे मागवून आदेश बेकायदेशीर किंवा अयोग्य आहे का एवढे पुनरीक्षणात तपासतो. येथे शेजाऱ्याचा अर्ज फेटाळला गेला. आता त्याच्यापुढे दिवाणी दाव्याचा मार्ग आहे, आणि दुसरा, भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 227 खालील उच्च न्यायालयाचा देखरेखीचा अधिकार.

(दृश्य : छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाची इमारत, वकिलांची वर्दळ)

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश येथे 27 ऑगस्ट 1981 पासून बसतात. या आवारात येणारा पक्षकार बहुतेकदा ‘हायकोर्टात अपील केले’ असे म्हणतो, आणि खरा घोटाळा तेथेच होतो. अपील कायद्याने दिलेले असते. दिवाणी दाव्यातल्या पहिल्या अपिलात न्यायालय साक्षीपुरावा पुन्हा वाचते, साक्षीदारावर विश्वास ठेवायचा की नाही हे स्वतः ठरवते आणि खालचा निष्कर्ष बदलून त्या जागी आपला निष्कर्ष ठेवते. अनुच्छेद 227 मध्ये पक्षकाराला असा हक्क मिळत नाही. न्यायालये आणि न्यायाधिकरणे आपल्या अधिकाराच्या चौकटीत राहतात की नाही, हे पाहण्याची ती उच्च न्यायालयाची सत्ता आहे. वर्यामसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्येच म्हटले होते की हा अधिकार अपवादाने आणि काटकसरीने वापरावा, निव्वळ चुका दुरुस्त करण्यासाठी वापरू नये.

समजा, शेजाऱ्याचा मुद्दा एवढाच असता की वाट विहिरीच्या पूर्वेकडून नव्हे, पश्चिमेकडून जात होती. पंचनामा एक सांगतो, दोन साक्षीदार दुसरे सांगतात. अपिलात यावर तासभर युक्तिवाद झाला असता. अनुच्छेद 227 मध्ये, तहसीलदाराच्या निष्कर्षाला काही पुरावा आहे आणि तो कोणताही समंजस माणूस काढूच शकणार नाही इतका विपरीत नाही, हे दिसताच प्रश्न संपतो. न्यायमूर्तींचे स्वतःचे मत वेगळे असले तरी संपतो.

(दृश्य : दाव्याच्या अर्जावरील दाखल तारखेचा शिक्का, जवळून)

मुदतीचा मुद्दा मात्र वेगळ्या जातीचा आहे. त्यासाठी कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवावे लागत नाही. अर्जातच अडथळ्याचा महिना लिहिलेला आहे आणि शिक्क्यावर दाखल केल्याची तारीख आहे. मुदत संपल्यावर तहसीलदाराला या कायद्याखाली आदेश देण्याचा अधिकारच उरत नाही, आणि दोन्ही अधिकाऱ्यांनी तो प्रश्न टाळला. येथे उच्च न्यायालय आदेश रद्द करू शकते किंवा मुद्दा ठरवण्यासाठी प्रकरण परत पाठवू शकते. ‘करू शकते’ हे शब्द मोजून वापरले आहेत. हा अधिकार विवेकाधीन आहे, आणि चूक दिसूनही, एकूण न्याय झाला आहे असे वाटल्यास, न्यायालय हात आखडता घेऊ शकते.

म्हणून याचिकेतले मुद्दे साक्षींच्या चिरफाडीने भरलेले असतील, तर ते अपील वेगळ्या नावाने आणल्यासारखे होते, आणि ते ओळखायला न्यायालयाला फार वेळ लागत नाही.

एकल न्यायमूर्तींनी अनुच्छेद 227 खाली दिलेल्या आदेशावर त्याच उच्च न्यायालयातल्या मोठ्या पीठापुढचे अपील, म्हणजे लेटर्स पेटंट अपीलही चालत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालयाची विशेष अनुमती मागावी लागते. आदेश रद्द झाला, तर वाट वापरणाऱ्या शेतकऱ्याला दिवाणी न्यायालयात जावे लागेल आणि तोवर ऊस रानातच उभा राहील.