एक बटाटा आणि ओव्हनची तीन बटणं

नमस्कार मंडळी. ओव्हनच्या बटणावर बेक, रोस्ट आणि ग्रिल अशी तीन नावं दिसली तरी आत तापणाऱ्या गोष्टी बहुधा दोनच असतात: खालचा रॉड आणि वरचा रॉड. काही ओव्हनमध्ये जोडीला पंखा असतो. बेक आणि रोस्ट यांत यंत्राच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. दोन्हींत तापलेली हवा आणि तापलेल्या भिंती पदार्थाला सगळीकडून उष्णता देतात. खरा फरक तापमानात आणि आपण आत काय ठेवतो त्यात असतो. ग्रिल मात्र मुळातच वेगळं काम करतं.

आधी पाण्याचं बोलू, कारण सगळं तिथेच ठरतं. पदार्थाचा पृष्ठभाग ओला आहे तोवर त्याचं तापमान 100 अंशांच्या वर फारसं जात नाही. येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्च होते. खमंग तपकिरी रंग मात्र साधारण 140 अंशांनंतर झपाट्याने येतो. म्हणजे आधी पृष्ठभाग कोरडा व्हायला हवा, मगच रंग. आतला भाग पाणीदारच राहतो, म्हणून तो 100 अंशांच्या आत शिजतो, आणि त्याला वेळ लागतो.

आता एकच बटाटा तिन्ही पद्धतींनी करून पाहू. 1 किलो बटाट्यांचे 4 सेंटीमीटरचे तुकडे करा. मिठाच्या पाण्यात, उकळी आल्यावर 8 ते 10 मिनिटं शिजवा. कडा मऊ झाल्या पाहिजेत, मधला भाग थोडा घट्टच हवा. पाणी निथळून तुकडे चाळणीत 5 मिनिटं तसेच राहू द्या. ही पाच मिनिटं कुणी पाळत नाही, आणि बरीचशी गडबड इथेच होते: वाफ उडून जायला हवी, नाहीतर तेच पाणी ओव्हनमध्ये जातं. मग चाळणी हलवून कडा जरा खरखरीत करा आणि 3 मोठे चमचे तेल चोळा.

रोस्ट करायचं तर ओव्हन 220 अंशांवर तापवा आणि ट्रेही आतच तापू द्या. तुकडे एका थरात, एकमेकांना न चिकटवता पसरा. 25 मिनिटांनी उलटा, पुढे आणखी 15 ते 20 मिनिटं. पंखा चालू असेल तर 200 अंश पुरतात, कारण फिरती हवा तुकड्यांभोवतीची वाफ सतत उडवत राहते.

हेच तुकडे झाकलेल्या भांड्यात 180 अंशांवर ठेवले तर तासाभरात मऊ होतील, पण फिकट राहतील. झाकणाखाली वाफ कोंडते. हा दोष बटाट्याचा नव्हे, बेक सेटिंगचाही नव्हे. मध्यम आच केक आणि पावासारख्या, ओव्हनमध्येच आकार घेणाऱ्या पदार्थांना हवी असते. केकची वरची बाजू लवकर घट्ट झाली, तर आतलं मिश्रण फुगताना ती फोडून वर येतं. मध्यभागी उंचवटा आणि भेग दिसली, की आच जास्त झाली असं समजा.

ग्रिलमध्ये वरचा रॉड लाल होतो आणि त्याची उष्णता थेट पदार्थावर पडते, उन्हासारखी. ज्या बाजूवर पडते तीच तापते. खालची बाजू आणि आतला भाग मागेच राहतो. कच्च्या बटाट्याचा 4 सेंटीमीटरचा तुकडा रॉडखाली धरला, तर वरची कड काळी होईल आणि मध्य कच्चाच राहील. म्हणून ग्रिल 2 ते 3 सेंटीमीटरपेक्षा पातळ पदार्थांसाठी किंवा शिजलेल्या पदार्थाला वरून रंग देण्यासाठी. आपले रोस्ट झालेले बटाटे फिकट वाटले, तर ट्रे रॉडपासून 10 ते 15 सेंटीमीटरवर आणून 2 ते 3 मिनिटं ग्रिल करा, पण ओव्हनसमोरून हलू नका. अर्ध्या मिनिटात रंग करपतो.

बिघडलं कुठे, हे ट्रे सांगतो. ट्रेवर पाण्याचा थर आणि तुकडे लिबलिबीत असतील, तर गर्दी झाली. दोन ट्रे वापरा. वरून रंग आला पण खालची बाजू पांढरी असेल, तर ट्रे थंड होता किंवा फार वरच्या खाचेत होता. सगळंच फिकट असेल तर ओव्हन नीट तापला नव्हता. ओव्हन तापत असल्याचा दिवा विझला म्हणजे फक्त आतली हवा तापली. भिंतींना आणखी 10 मिनिटं द्यावी लागतात. तरीही तेच होत असेल, तर आत ओव्हनचा साधा थर्मामीटर ठेवा. बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत 20 अंशांचा फरक असणं मुळीच नवलाचं नाही.

ग्रिलखाली बेकिंग पेपर किंवा काचेचं भांडं ठेवू नका: कागद पेटू शकतो, काच तडकू शकते. दार बंद ठेवायचं की थोडं उघडं, हे मात्र ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच ठरवा. दोन्ही प्रकारचे ओव्हन असतात.