नवा फोन, जुनाच जीमेल

नमस्कार श्रोतेहो. ज्येष्ठ नागरिकांच्या मोबाइल कार्यशाळेत आज आपण फोन बदलायचा विषय घेतला आहे. व्हॉट्सॲपवरच्या गप्पा, नातवंडांचे फोटो, आवाजातले निरोप हे सगळं नव्या फोनमध्ये कसं न्यायचं, ते पाहू. जुना फोन आणि चष्मा हाताशी घेऊन बसा. बोलणार आहे ते अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाण्याबद्दल. आयफोन घेणार असाल तर त्याची रीत वेगळी आहे, हे सांगून तो विषय इथेच सोडतो.

सिम काढून नव्या फोनमध्ये घातलं की गप्पाही पाठोपाठ येतील, अशी पुष्कळांची समजूत असते. सिमबरोबर जातो तो फक्त नंबर. निरोप पोचला की व्हॉट्सॲप तो आपल्याकडे ठेवत नाही. तो राहतो तुमच्या फोनच्या पोटात. त्याची एक प्रत आपल्या गूगल खात्यात, म्हणजे आपण ज्याला जीमेल म्हणतो त्यात, ठेवता येते. तिला बॅकअप म्हणतात. नव्या फोनला ही प्रत सापडायची तर दोन गोष्टी जुन्याच लागतात: तोच नंबर आणि तेच जीमेल.

गाडं अडतं ते या जीमेलवर. समजा, गुहागरच्या एका काकूंचा मुलगा गणपतीला मुंबईहून नवा फोन घेऊन आला. दुकानदाराने तो तिथेच चालू करून दिला होता आणि घाईत नवंच जीमेल उघडून दिलं होतं. काकूंचा जुना फोन पूर्वी भाच्याने लावून दिलेला, त्यात खातं वेगळं. आता नव्या फोनवर व्हॉट्सॲप म्हणतं, बॅकअप सापडला नाही. बॅकअप आहे, पण तो जुन्या खात्यात आहे आणि नवा फोन शोधतोय नव्या खात्यात. नेमकं हेच टाळायचं आहे.

त्यासाठी जुन्या फोनवर व्हॉट्सॲप उघडा. वरच्या कोपऱ्यात तीन टिंबं दिसतात, ती दाबा, मग सेटिंग्ज, मग चॅट्स, मग चॅट बॅकअप. इथे तीन गोष्टी वाचा. शेवटचा बॅकअप कधी झाला, तो केवढा आहे आणि खाली गूगल खातं कुठलं लिहिलंय. तो जीमेलचा पत्ता अक्षरन् अक्षर वहीत उतरवून घ्या. टिंब, आकडे, काही सोडू नका. पासवर्ड आठवत नसेल तर तो आत्ताच बदलून घ्या, जुना फोन हातात आहे तोवर ते सोपं जातं. याच पानावर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप चालू दिसला, तर त्याचा वेगळा पासवर्ड किंवा ६४ अक्षरांची किल्ली असते. ती हरवली तर तो बॅकअप कोणालाच उघडता येत नाही, कंपनीलाही नाही. आठवत नसेल तर जुन्या फोनवरच तो पर्याय बंद करा आणि पुन्हा बॅकअप घ्या.

बॅकअप महिनाभर जुना दिसला, तर कारण बहुधा जागेचं असतं. गूगल खात्यात फुकट मिळते १५ जीबी. त्यातच ईमेल, त्यातच गूगल फोटो आणि त्यातच व्हॉट्सॲपचा बॅकअप. रोजची सुप्रभाताची चित्रं आणि भजनांचे व्हिडिओ तिथे जाऊन बसतात. म्हणून इन्क्लूड व्हिडिओज हे बटण बंद करा, बॅकअप पुष्कळ हलका होतो. मात्र एखादा व्हिडिओ जपायचाच असेल, बारशाचा म्हणा, तर तो आधी मुलाला पाठवून ठेवा. दुसरं कारण नेटचं. दिवसाला दीड जीबीचा पॅक आणि बॅकअप चार जीबीचा, तर तो अर्ध्यावर अडकणारच. घरात वायफाय असेल तर उत्तम, नसेल तर शेजाऱ्यांकडे बसून घ्या. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा फोन आधी पूर्ण चार्ज करा. मग बॅक अप हे बटण दाबा आणि शेवटच्या बॅकअपपुढे आजची वेळ दिसेपर्यंत थांबा.

आता नवा फोन. सिम अजून जुन्यातच राहू द्या. नवा फोन वायफायला जोडा आणि त्यात आधी वहीतलं जीमेल घाला. गूगल कधीकधी जुन्या फोनवर विचारतं, हे तुम्हीच आहात का. तिथे होय म्हणायला जुना फोन नेटसकट चालू हवा, म्हणून हा क्रम. दुकानदाराने उघडलेलं नवं खातं फोनमध्ये राहिलं तरी बिघडत नाही, जुनंही असलं की झालं.

मग सिम बदला, प्ले स्टोअरवरून व्हॉट्सॲप घ्या आणि आपला नंबर टाका. एसएमएसने सहा आकडी कोड येईल, तो स्वतः टाका. फोनवरून कोणी मागितला तर सांगू नका, मागणारा ओळखीचा वाटला तरी. पुढे व्हॉट्सॲप गूगल खात्यात बघायची परवानगी मागतं. ती नाकारलीत तर ते बॅकअप शोधतच नाही. परवानगी दिली की बॅकअपची तारीख आणि आकार दिसतो, खाली रीस्टोअर आणि स्किप अशी दोन बटणं. रीस्टोअर दाबा. आधी मजकूर येतो, फोटो मागाहून हळूहळू उतरतात. फोटो धूसर दिसले म्हणून घाबरून ॲप काढून टाकू नका.

चुकून स्किप दाबलंत, तर मात्र त्याच संध्याकाळी हालचाल करा. खात्यात एका नंबरचा एकच बॅकअप राहतो आणि नवा झाला की जुना पुसला जातो. आपोआप होणारा बॅकअप रात्रीच होतो. म्हणजे सकाळी उठेपर्यंत तुमच्या वर्षांच्या गप्पांवर दोन ओळींचा रिकामा बॅकअप बसलेला असू शकतो. व्हॉट्सॲप नव्या फोनमधून काढा, पुन्हा घाला, पुन्हा कोड टाका, रीस्टोअरचं पान पुन्हा येईल.

नेट फारच कमजोर असेल, तर दुसरा रस्ता आहे. जुन्या फोनवर सेटिंग्ज, चॅट्स, ट्रान्स्फर चॅट्स उघडून स्टार्ट दाबा. नव्या फोनवर नंबर टाकून झाला की जुन्या फोनवरून घ्या, असा पर्याय येतो. नव्या पडद्यावर चौकटीचौकटीचा क्यूआर कोड उमटतो, जुन्या फोनने तो टिपायचा. दोन्ही फोनचं वायफाय आणि लोकेशन चालू हवं आणि काम संपेपर्यंत दोन्ही जवळजवळ, पडदे उघडे ठेवून. गप्पा थेट एका फोनमधून दुसऱ्यात जातात, त्यासाठी गूगलमध्ये जागा लागत नाही.

व्हॉट्सॲप नव्या फोनवर सुरू झालं की जुना फोन नंबर नोंदलेला नाही असं म्हणतो, पण त्याच्या पोटातल्या गप्पा तशाच असतात. काही गडबड झालीच, तर सिम परत त्यात घालून, कोड टाकून पुन्हा बॅकअप घेता येतो. म्हणून जुना फोन नातवाला खेळायला द्यायची किंवा एक्सचेंजमध्ये घालायची घाई नको. निदान आठवडाभर ठेवा. नव्या फोनमध्ये अगदी जुन्या एखाद्या गटात वर सरकत जा, सर्वांत जुना निरोप आणि एखादा जुना फोटो उघडून बघा. दोन्ही उघडले, की मगच जुना फोन रीसेट करा.