दिवेलागणीचा डबा

(तालुक्याच्या वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गोड कमी करायचं ठरवलेल्या माणसाची दुपार बरी जाते आणि दिवेलागणीला तो हरतो. मग घरचे म्हणतात, "मनावर ताबाच नाही." तीस वर्षं आहारसल्ला देताना हे वाक्य ऐकून माझा जीव तुटतो, म्हणून आज बोलायला आले.

माझ्या जाऊबाईंचंच सांगते. वैनींनी गणपतीनंतर गोड सोडलं. चहा बिनसाखरेचा, लाडवाचा डबा रिकामा. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, टीव्ही लागला, की साडेसातच्या सुमारास त्या फडताळ उघडायच्या. आंबापोळीचा एक तुकडा, मग दुसरा. आंबापोळी संपली की गुळाचा खडा. तोही नसला तर मुलांचं बोर्नव्हिटा कोरडंच चमच्याने. एका रात्री मला फोन करून रडल्या. त्यांना कुणा डॉक्टरांनी सांगितलं होतं, "निश्चय करा." निश्चय तर त्या रोज सकाळी करत होत्या!

मी विचारलं, "वैनी, काल उठल्यापासून काय काय खाल्लंत?" सकाळी चहा आणि चार बिस्किटं. दीड वाजता भात आणि पातळ आमटी. चार वाजता चहा. मासे? ते रात्री. भाऊजी हर्णैच्या लिलावातून संध्याकाळी मासळी आणतात, त्यामुळे बांगडा पानात पडायचा साडेनऊला. म्हणजे साठ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि संध्याकाळपर्यंत पोटात गेली होती जेमतेम पंधरा. भाताने पोट भरतं, पण नुसत्या भाताचं भरलेपण फार टिकत नाही. प्रथिनांचं जास्त टिकतं. आपल्याकडे मासे मुबलक, पण ते रात्रीच्या ताटात. यावर मी तासभर बोलू शकते, पण अध्यक्षांची चिठ्ठी आलीय.

बदल एवढाच केला. रात्रीच्या बांगड्यातले दोन तुकडे नीट झाकून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी दुपारी चांगले गरम करून. सकाळी घावण्याबरोबर दोन अंडी, म्हणजे बारा ग्रॅम तिथेच आली. पाचच्या चहाबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे. जे मासे-अंडी खात नाहीत त्यांनी कुळथाची किंवा मुगाची उसळ घ्यावी. पिठी नको असं नाही, पण पिठीच्या वाटीत पीठ असतं दोन चमचे, बाकी पाणी. उसळीच्या वाटीत मूठभर कडधान्य असतं.

आता झोप. वैनी साडेअकराला आडव्या व्हायच्या आणि साडेचारला नळाचं पाणी भरायला उठायच्या. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली बारा निरोगी तरुणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. दोन रात्री चारच तास झोपू दिल्यावर त्यांच्या रक्तात भूक वाढवणारं घ्रेलिन वाढलं, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटलं, आणि गोड, खारट, पिठाळ पदार्थांची ओढ वाढली. वैनींच्या घरी पाणी भरायची पाळी एक दिवसाआड मुलाने घेतली आणि रात्रीची मालिका एकाने कमी झाली.

तरीही ओढ पुरती गेली नाही, जाणारही नाही. शरीराच्या घड्याळातच गोडाची इच्छा रात्री आठच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि सकाळी सर्वांत कमी. प्रयोगशाळेत दिवस-रात्रीचा गोंधळ मुद्दाम करूनही ते दिसलं आहे. म्हणून उरलेलं काम सवयीचं. दिवा, टीव्ही, फडताळ ही साखळी होती. आंबापोळी माळ्यावर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशी ठेवली. त्या वेळेला वैनी ओटीवर भाजी निवडायला बसू लागल्या, जेवण साडेआठला आलं आणि जेवल्यावर लगेच दात घासायचे. आंबापोळी बंद नाही केली. रविवारी दुपारी जेवणावर एक तुकडा, सगळ्यांबरोबर बसून. तिसऱ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "आठवण येते, पण उठावंसं नाही वाटत."

शेवटची एसटी सुटायच्या आत दोन गोष्टी, आणि या घरी जाऊन नक्की सांगा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नका. आणि मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, आणि संध्याकाळी गोड हवंसं वाटताना हात थरथरले, दरदरून घाम फुटला, छाती धडधडली, तर ती सवय समजून दात आवळून बसू नका. ग्लुकोमीटरवर ७० च्या खाली आकडा असेल, किंवा यंत्रच जवळ नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा घ्या. आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन गोळीचं प्रमाण तपासून घ्या.