काका ‘छान आहे’ म्हणाले आणि अडकले

काही दिवसांपूर्वी मी भेटीची वेळ ठरवण्याचा एक फॉर्म केला होता. मोबाइलवरची एकच स्क्रीन, त्यात नाव, तारीख, वेळ आणि खाली बटण. कामाला देण्याआधी घरच्यांना दाखवला. धाकटा भाऊ म्हणाला, “मेलेला रंग आहे रे, निळा कर.” वहिनीला अक्षराचं वळण आवडलं नाही. काका म्हणाले, “छान आहे, सुटसुटीत आहे.”

मी काय केलं असेल? भावाचं आणि वहिनीचं म्हणणं ‘आवडनिवड’ म्हणून बाजूला ठेवलं आणि काकांचं पदरात पाडून घेतलं. पण ‘छान आहे’ हीसुद्धा आवडच असते. ती आपल्या बाजूची असते म्हणून आपण तिला पुरावा समजतो, एवढंच.

मग मी फोन काकांच्या हातात दिला आणि म्हटलं, “पुढच्या गुरुवारी सकाळची वेळ घ्या.” आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार अवघड असतं, जीभ सारखी सळसळते. काकांनी फोन आधी हातभर लांब धरला, मग जवळ आणला. नाव भरलं आणि थांबले. अंगठा तारखेच्या रकान्यावरून दोनदा फिरला, पण तिथे टेकला नाही. शेवटी त्यांनी सरळ खालचं बटण दाबलं, चूक दाखवणारा लाल मजकूर आला आणि काका म्हणाले, “माझंच काहीतरी चुकलं.”

फॉर्म सुंदर आहे की नाही, हा प्रश्न आता उरलाच नव्हता. मी विचारलं, “बटण दाबलंत तेव्हा काय करायला निघाला होतात?” ते म्हणाले, “आणखी काही भरायचंय असं दिसलंच नाही.”

रकान्यांच्या आत ‘तारीख निवडा’ अशी फिकट सूचना होती. तिचा रंग #999999, पार्श्वभूमी पांढरी. या दोहोंतला कॉन्ट्रास्ट मोजला तर सुमारे २.८५ भरतो. या मापात १ म्हणजे काहीच फरक नाही, २१ म्हणजे पांढऱ्यावर काळं. वेबवरचा मजकूर सगळ्यांना वापरता यावा यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या मानकांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतो. म्हणजे दोष काकांच्या डोळ्यांत नव्हता. चाळिशीनंतर जवळचं वाचायला जड जातंच, ते गृहीत धरूनच रचना करायची असते. मला तो फिका करडा शालीन वाटायचा. या सगळ्या गोष्टीत सर्वांत हट्टी आवड माझीच होती.

आता भावाकडे वळू. ‘मेलेला’ या शब्दात काहीतरी खरं होतं, पण त्याने सुचवलेला उपाय चुकीचा होता. त्याला हवा असलेला निळा #4DA6FF पांढऱ्यावर मोजला तर २.६ च्या आसपास येतो, म्हणजे माझ्या करड्याहूनही फिका. तो केला असता तर भाऊ खूश झाला असता आणि काका तिथेच अडकले असते. म्हणून मी उपाय लिहून घेत नाही, तो कशामुळे सुचला ते विचारतो. वहिनीला विचारलं, “कुठलं अक्षर वाचायला त्रास झाला?” ती म्हणाली, “त्रास नाही, मला गोलसर आवडतं.” तिची नोंद तिथेच संपली. शिवाय तिने फॉर्म एकदाही न थांबता भरला होता.

मी सूचनेचा रंग #595959 केला, कॉन्ट्रास्ट ७ झाला. नवा फॉर्म काकांना पुन्हा दिला नाही. त्यांना आता वाट ठाऊक झाली होती, ते झपाट्याने पार पडले असते आणि मी सुधारणेची पाठ थोपटून घेतली असती. म्हणून आत्याला दिला. तिने नाव भरलं, तारीख वाचली आणि तीही पुढे गेली! विचारलं तर म्हणाली, “तिथे आधीच काहीतरी भरलेलं होतं ना.”

गडद केल्यावर ती सूचना भरलेल्या उत्तरासारखी दिसू लागली होती. फिकट ठेवली तर दिसत नाही, गडद केली तर फसवते. म्हणजे रंगाच्या वादात आम्ही सगळेच चुकीच्या जागी भांडत होतो. सूचना रकान्याच्या आत ठेवणं हीच अडचण होती. मी ‘तारीख’ हा शब्द रकान्याच्या वर, बाहेर नेला आणि रकाना रिकामा ठेवला. पुढच्या दोघांनी तो फॉर्म न थांबता भरला. दोघांवरून फार काही सिद्ध होत नाही, पण त्या जागी अंगठा अडला नाही, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

भाऊ अजूनही म्हणतो, “रंग मेलेलाच आहे.” ते मी लिहून ठेवलंय, आवडीच्या रकान्यात.