काळ्या कुर्त्याला हळद लावताना
(ठाण्यात लग्नाचे फोटोग्राफर आणि अल्बम करणाऱ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

घंटाळीतल्या एका हळदीचे फोटो मी काढले होते. सगळं घर पिवळ्यात आणि नवऱ्याचे मामा काळ्या कुर्त्यात. दोन दिवसांनी वरमाईंचा फोन आला, "दादा, तेवढा मामांचा कुर्ता पिवळा करून द्या ना. तुम्हाला काय, एका क्लिकचं काम."

आपला हात आधी Hue/Saturation कडे जातो. मी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, कुर्ता ढिम्म. Info मध्ये बघितलं तर लाल ३१, हिरवा ३०, निळा ३२. तिन्ही जवळपास सारखे, म्हणजे फिरवायला रंगच नाही. मग पिवळा थर टाकून मोड Color केला, तर कुर्ता शेणकट झाला. हा मोड रंग नवा देतो, उजेड मात्र खालचाच ठेवतो. आणि पिवळा हा मुळातच उजळ रंग आहे. काळ्याचा मरून थोडक्यात होतो, पिवळा होत नाही, तो यामुळेच.

रंगारी गडद कापडावर फिका रंग चढवायचा तर आधी मूळ रंग उतरवतो. इथेही तेच. कुर्ता सिलेक्ट करून मास्क केला आणि रंगछटा पूर्ण काढून टाकली. ती राहिली तर उजळल्यावर हिरवे-जांभळे डाग उठतात. मग Levels. चुण्यांच्या खाचा १२ वर होत्या, खांद्यावरची चमक ७० वर. इनपुट ८ ते ७०, मधला आकडा १.५, आउटपुट १३० ते २५०. मधलं कापड १९० च्या आसपास आलं. कुर्ता आता मळक्या पांढऱ्या सुती कापडासारखा दिसतो. त्यावर पिवळा थर, २५५, २००, २०, मोड Multiply. चुण्या जिथल्या तिथे, आणि रंग हळदीचा.

पण ६२ पायऱ्यांचा जिना ताणून १२० चा केला की मधे फटी पडतात, सावलीत पट्टे आणि दाणे दिसतात. म्हणून हे काम जेपेगवर नको, रॉवरून १६ बिटमध्ये करा. कडेला काळी रेघ उरली तर मास्क एखादा पिक्सेल बाहेर सरकवा. आणि हनुवटीखाली पिवळी झाक हलक्या ब्रशने द्या. खरा पिवळा कुर्ता मानेवर उजेड टाकतो. ती झाक नसेल तर मामा कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

एक फोटो मात्र हरला. मामा मांडवाच्या खांबामागे, कुर्ता ० ते ३ मध्ये. उजळला तर सपाट राखाडी पुठ्ठा, चुणीच शिल्लक नाही. तो मी अल्बममध्ये कृष्णधवल लावला.